बुंदीस, सप्रेम: पाळलेला कुत्रा दुसऱ्या घरी देताना मुलाकडून निरोपाचे पत्र कसे लिहून घ्यावे

आमची बुंदी ही पाच वर्षांची, अठरा किलो वजनाची गावठी कुत्री. अंगावर बुंदीसारखे पिवळसर ठिपके असल्यामुळे माझ्या मुलाने, ओंकारने, तिचे हे नाव ठेवले होते. नाशिकमधल्या बैठ्या घराच्या अंगणात ती वाढली. मे महिन्यात माझ्या यजमानांची बदली ठाण्याला झाली आणि आम्ही दोघेही सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात घराबाहेर राहणार हे निश्चित झाले. तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे तिला द्यायचे आम्ही ठरवले. नऊ वर्षांच्या ओंकारने तिला निरोपाचे पत्र लिहिले. ते लिहून घेताना मी तीन-चार चुका केल्या आणि एक गोष्ट योगायोगाने बरोबर जमली. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहून ठेवत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी. पत्र प्राण्याला उद्देशून असले तरी ते वाचणार आहेत नव्या घरची माणसे. कुत्र्याच्या बारीकसारीक सवयी घरात बहुधा मुलालाच सर्वांत जास्त ठाऊक असतात. त्यामुळे हे पत्र नीट लिहिले गेले, तर नव्या घराला त्या कुत्र्याविषयी मिळणारी सर्वांत उपयुक्त माहिती त्यातच असते.

१. पत्राला बसण्याआधी मुलाला खरे कारण सांगावे

"बुंदी काही दिवस शेतावर राहायला जाणार आहे," असे मी ओंकारला आधी सांगितले होते. ही माझी पहिली चूक. त्याने पत्राच्या पहिल्याच ओळीत "तू परत येशील तेव्हा" असे लिहिले आणि मला ते पान बाजूला ठेवून त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून बोलावे लागले. दुसऱ्या प्रयत्नात त्याने लिहिले, "मी तुला दोनदा फिरायला नेले नाही म्हणून तू चाललीस." प्रौढांनी कारण मोघम ठेवले की मूल ते स्वतःच्या वागण्यात शोधते. म्हणून कारण एका वाक्यात, आणि निर्णय मोठ्यांनी घेतला आहे हे स्पष्ट करून सांगावे: "ठाण्याच्या घरी बुंदी रोज साडेअकरा तास एकटी राहिली असती, म्हणून आई-बाबांनी असे ठरवले."

येथे थोडे विषयांतर करते. "सोसायटी कुत्रा ठेवू देत नाही" एवढेच तुमचे कारण असेल, तर प्राणी देऊन टाकण्याआधी थांबावे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तसेच, कोणी घेत नाही म्हणून कुत्रा कुठेतरी सोडून येणे हा पर्यायच नाही. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

२. कागदपत्रे आणि सामान आधी एका पिशवीत जमवावे

हे काम मोठ्यांचे असले तरी ते मुलासमोर करावे, कारण वस्तू हातात आल्या की पत्रात काय लिहायचे ते मुलाला आठवू लागते. पिशवीत पुढील गोष्टी असाव्यात:

- लसीकरणाचे मूळ पुस्तक. रेबीजची पुढची वार्षिक लस आणि जंताचे पुढचे औषध कधी द्यायचे, त्या तारखा ठळक लिहाव्यात.
- नसबंदी झाली असल्यास तिची नोंद, आणि पशुवैद्यांनी दिलेल्या जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या.
- महापालिकेच्या परवान्याची प्रत. परवाना मालकाच्या नावाचा असतो, त्यामुळे मालक बदलल्याचे तेथे कळवावे. मायक्रोचिप बसवली असेल, तर ज्या नोंदवहीत तिचा क्रमांक आहे तेथेही नाव आणि फोन बदलून घ्यावा.
- साध्या कागदावर दोन्ही घरांच्या सह्यांचे हस्तांतर पत्र. "जमले नाही तर आधी आम्हाला कळवावे, परस्पर तिसऱ्याला देऊ नये" हे वाक्य त्यात अवश्य असावे.
- जुना पट्टा, साखळी, खाण्याचे भांडे, आणि ज्यावर ती झोपते ती चादर. चादर धुऊ नये. मी धुवायला टाकली होती, ती ओंकारने बादलीतून कोरडीच परत काढून आणली.
- नेहमीच्या खाण्यातले निदान चार-पाच दिवस पुरेल एवढे.

३. आधी तोंडी विचारावे, मग लिहायला लावावे

कोरा कागद समोर ठेवून "बुंदीला पत्र लिही" म्हटले की मूल शाळेतल्या निबंधासारखे लिहिते. ओंकारने लिहिले, "तू इमानदार प्राणी आहेस." हे वाक्य कोणत्याही कुत्र्याला लागू पडते आणि नव्या घराला त्याचा काही उपयोग नाही. मग मी कागद काढून घेतला आणि रात्रीच्या जेवणानंतर त्याला पाच प्रश्न विचारले. ती कशाला घाबरते? तिला भूक लागली हे तुला कसे कळते? कुठे हात लावलेला तिला आवडत नाही? तू कोणता शब्द उच्चारलास की ती काय करते? आणि सगळ्या वर्षात तिला कधी त्रास होतो?

शेवटचा प्रश्न मी सहज विचारला होता, पण तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. मे महिन्यात कुत्रा देताना आपल्या डोक्यात फक्त मे महिना असतो. दिवाळीचे फटाके, पावसाळ्यातली ओली जमीन, हिवाळ्यातले द्राक्षाचे घड, हे सगळे नव्या घरात पुढे एकेक करून येणार असते, आणि तेव्हा विचारायला मूल जवळ नसते.

लिहिताना शुद्धलेखन दुरुस्त करू नये. मी "चादर" शब्दातला काना दाखवायला गेले, तर ओंकारने पेन्सिल खाली ठेवली आणि त्या दिवशी पुढे काही लिहिले नाही. मूल पाच-सहा वर्षांचे असेल, तर त्याने सांगावे आणि मोठ्याने त्याचेच शब्द उतरवून घ्यावेत. खाली कुत्र्याच्या पंजाभोवती पेन्सिल फिरवून मुलाने ठसा काढला की पुरते.

४. शब्द, खाणे आणि धोका, या तीन गोष्टी पत्रात असल्याच पाहिजेत

शब्दांपासून सुरुवात करू. कुत्र्याला भाषा कळत नाही, ठरावीक आवाज कळतात, आणि प्रत्येक घराचे आवाज वेगळे असतात. आमच्याकडे "बस" म्हटले की बुंदी खाली बसते. नव्या घरच्या आजोबांना मात्र "पुरे" या अर्थाने "बस, बस!" म्हणण्याची सवय आहे. सोपवण्याआधीच्या एका भेटीत बुंदी त्यांच्या अंगावर उड्या मारत असताना ते "बस!" म्हणाले आणि ती लगेच खाली बसली. सर्वांना ते आज्ञाधारकपणाचे वाटले. पण थोड्या वेळाने आजींनी ताटात भात वाढताना त्यांनी पुन्हा "बस" म्हटले, तर ती अंगणात होती तेथेच बसून राहिली आणि कोणी "चल" म्हणेपर्यंत उठली नाही. ही गंमत होती, पण रोज असे घडले असते तर कुत्र्याचा गोंधळ झाला असता आणि माणसांना ती हट्टी वाटली असती. म्हणून शब्दांची यादी पत्रातच घालावी, आणि शब्द जसा उच्चारतो तसाच लिहावा.

खाण्याविषयी "ती सगळे खाते" असे लिहू देऊ नये. किती, केव्हा आणि कशात कालवून, हे यायला हवे. नव्या घरी वेगळे अन्न द्यायचे असेल, तर ते सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावे: पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण. एकदम बदलले तर जुलाब होतात आणि नव्या माणसांना वाटते की कुत्री आजारीच दिली.

धोका म्हणजे आमच्या बाबतीत द्राक्षे. निफाड हा द्राक्षबागांचा तालुका, आणि आजोबांच्या घरामागे बांधापलीकडे बाग आहे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर बाधा होईल हे कुत्र्यागणिक बदलते, म्हणून "दोन मणी चालतील" असा हिशेब करता येत नाही. खाल्ल्यानंतर साधारणपणे चोवीस तासांच्या आत उलट्या होतात, कुत्रा मलूल पडतो, अन्नाला तोंड लावत नाही, आणि पुढच्या एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. लक्षणांची वाट न पाहता, खाल्लेले दिसताच पशुवैद्यांकडे न्यावे. ओंकारला हे माहीत होते, कारण दोन वर्षांपूर्वी बुंदीने टोपलीतला एक घोस पळवला होता आणि तिला रात्री सलाईन लावताना तो डॉक्टरांजवळ उभा होता. मोठ्यांनी मात्र हस्तांतर पत्रात द्राक्षांचा उल्लेखही केला नव्हता, कारण मे महिन्यात काढणी संपलेली असते आणि बागेत एक मणी दिसत नाही.

५. पाळता येणार नाहीत अशी वचने खोडून टाकावीत

शुद्धलेखनाला हात लावू नये असे मी वर म्हटले. मजकुरात हात घालावा अशी एकच जागा आहे, ती ही. ओंकारने "मी दर रविवारी येईन" असे लिहिले होते. ठाण्याहून निफाडला दर रविवारी कोणी जात नाही. कुत्रीला ते वाक्य कळणार नव्हते, पण ओंकार प्रत्येक रविवारी स्वतःला खोटा ठरवत बसला असता, आणि नव्या घरालाही ते ओझे वाटले असते. आम्ही बोलून ते "आजोबा बोलावतील तेव्हा दिवाळीनंतर येईन" असे केले. दिवाळीनंतर असे मुद्दाम लिहिले, कारण नव्या घरात रुळायला कुत्र्याला निदान तीन-चार आठवडे लागतात, पुष्कळदा त्याहून जास्तही, आणि मध्येच जुनी माणसे येऊन गेली की तिची घालमेल पुन्हा सुरू होते.

त्याचप्रमाणे नव्या माणसांना दटावणारी वाक्ये, उदाहरणार्थ "तुला त्यांनी मारले तर मला सांग," पत्रात राहू देऊ नयेत. ती भीती खरी असते, तेव्हा मुलाने ती तोंडी बोलावी आणि मोठ्यांनी ऐकावी.

६. अंतिम पत्र

तीन संध्याकाळी मिळून तयार झालेले ओंकारचे पत्र त्याच्या परवानगीने येथे देत आहे. शुद्धलेखन मात्र छापण्यासाठी मी सुधारले आहे.

*प्रिय बुंदी,*

*तू उद्या आजोबांच्या घरी राहायला जाणार आहेस. तू कायमची जाणार आहेस. तू काही चूक केली नाहीस आणि मीपण नाही. ठाण्याच्या घरात दिवसभर कोणीच नसणार आणि तुला एकटीला कोंडलेले आवडत नाही, म्हणून आई-बाबांनी असे ठरवले.*

*मी आजोबांना तुझे शब्द सांगतो. "बस" म्हणजे तू खाली बसतेस. "चल" म्हटले की उठतेस. "थांब" म्हणजे दारात थांबायचे. "टाक" म्हटले की तोंडातले खाली टाकतेस, पण हाड असेल तर टाकत नाहीस, तेव्हा तुझ्याशी ओढाओढी करायची नाही, दुसरे काहीतरी द्यायचे. आजोबा, तुम्ही "बस" ऐवजी "पुरे" म्हणा, नाहीतर ती दिवसभर बसूनच राहील.*

*सकाळी तुला एक भाकरी ताकात कुस्करून लागते, ताकात मीठ नको. संध्याकाळी दोन मुठी भात आणि एक उकडलेले अंडे. कांदा-लसूण घातलेली आमटी तुला द्यायची नाही. तू ताटाजवळ येऊन उसासे टाकशील, ते खोटे असतात.*

*तुझ्या डाव्या कानामागे हात लावला की तू मान काढून घेतेस, कारण तिथे एकदा गोचीड चिकटली होती आणि दुखले होते. पण आजोबांकडे म्हशी आहेत, म्हणून तिथे रोज बघावे लागेल. आधी गळ्याखाली खाजवायचे, मग कान बघायचे, मग तू बघू देतेस.*

*दिवाळीत तू पलंगाखाली जातेस. तेव्हा तुला बाहेर ओढायचे नाही. माझी चादर तिथे टाकायची आणि दार लावून घ्यायचे, नाहीतर तू पळून जाशील.*

*द्राक्षे खाऊ नकोस. बेदाणेपण नाही. तुला ते कळणार नाही म्हणून हे आजोबांसाठी आहे. तुला तेव्हा सलाईन लावले होते आणि तू माझ्याकडे बघत होतीस. बागेत घड पडतात तेव्हा तुला बांधून ठेवायचे.*

*तुझा पिवळा चेंडू मी पिशवीत ठेवला आहे. फाटका चेंडू मी ठेवून घेतला आहे, कारण तुझ्याकडे एक आणि माझ्याकडे एक. आजोबा बोलावतील तेव्हा दिवाळीनंतर मी येईन. तू मला ओळखले नाहीस तरी चालेल, पण ओळखशील असे मला वाटते.*

*तुझा ओंकार*

७. पत्र आदल्या संध्याकाळी वाचावे, निघताना नाही

निघायच्या क्षणी फाटकात उभे राहून पत्र वाचायचे, असे मुलाच्या मनात असते. तसे करू देऊ नये. गाडी उभी असते, सगळे रडवेले असतात, आणि कुत्रा माणसांचा आवाज आणि हालचाल पाहून बिथरतो. त्याच अवस्थेत त्याला अनोळखी माणसांच्या हाती द्यावे लागते. आदल्या संध्याकाळी, खाणे झाल्यावर, तिच्या नेहमीच्या जागी बसून वाचावे. बुंदीने पत्र हुंगले आणि त्याचा एक कोपरा चावून खाल्ला. ओंकारला ते फार आवडले. "तिने सही केली," असे तो म्हणाला.

"तिला कळले का?" असे मूल विचारतेच. खोटे बोलण्याची गरज नाही. शब्दांचा अर्थ तिला कळला नाही, पण ओंकारचा आवाज आणि त्यातला सूर तिने ओळखला. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जाग्या कुत्र्यांच्या मेंदूचे स्कॅन करून दाखवले होते की ओळखीचा शब्द आणि बोलण्याचा सूर या दोन गोष्टींची दखल कुत्र्याचा मेंदू वेगवेगळी घेतो. ओंकारला मी एवढेच सांगितले की तू प्रेमाने वाचत होतास, हे तिला ऐकू आले.

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. चावलेली मूळ प्रत आम्ही ठेवली आणि स्वच्छ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून लसीच्या पुस्तकाबरोबर दिली. पत्र समाजमाध्यमांवर टाकायचे असल्यास नव्या घराचा पत्ता, फोन आणि मुलाच्या शाळेचे नाव काढून टाकावे.

८. सोपवण्याचा दिवस आणि पुढचा महिना

नव्या घरच्या माणसांनी आधी किमान दोनदा तुमच्या घरी यावे आणि कुत्र्याला स्वतःच्या हाताने खायला घालावे. सोपवणे सकाळी करावे, म्हणजे अंधार पडण्याआधी तिला नवे घर हुंगून फिरायला पूर्ण दिवस मिळतो. गळ्यातल्या पट्ट्यावर दोन्ही घरांचे फोन क्रमांक असावेत. पहिले तीन-चार आठवडे फाटक उघडे असताना तिला मोकळे सोडू नये, कारण हरवणारे कुत्रे बहुधा याच काळात, जुने घर शोधायला निघून, हरवतात. पहिले दोन-तीन दिवस तिने खाल्ले नाही, ती कोपऱ्यात बसून राहिली, तर घाबरू नये. पाणीही पीत नसेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा अंग तापले असेल, तर मात्र पशुवैद्यांना दाखवावे. विशेषतः म्हशींच्या गोठ्याजवळ गोचिडांमुळे येणारा ताप हाच असू शकतो.

व्हिडिओ कॉलचा मोह आम्हाला आवरला नाही. पाचव्या दिवशी ओंकारने "बुंदी" अशी हाक मारली, आणि ती फोनच्या मागे, मग पलंगाखाली, मग फाटकापर्यंत त्याला शोधत गेली. त्यानंतर आम्ही महिनाभर फक्त आजोबांशी बोललो, आणि तेही बुंदी अंगणात असताना.

जानेवारीत काढणी सुरू झाली तेव्हा आजोबांचा फोन आला. बागेच्या बाजूला त्यांनी तारेची जाळी लावून घेतली होती आणि पत्राचे पाकीट समोर घेऊनच ते बोलत होते. संक्रांतीला शेजारून बेदाणे घातलेला शिरा आला होता. तो बुंदीला चाटायला द्यावा की नाही, एवढेच त्यांना ओंकारला विचारायचे होते. ओंकार म्हणाला, "आजोबा, शेवटून दुसरा परिच्छेद बघा." पलीकडे पाकीट उघडल्याचा आवाज आला, मग आजोबा आजींना म्हणाले, "अगं, पुरे, तिला देऊ नकोस," आणि बुंदी भुंकल्याचे आम्हाला ऐकू आले.